बारावी फिजिक्सचा पोर्शन किती तासांचा? धडेवार गुण देऊन काढायचा हिशोब

बारावी सायन्सचं वेळापत्रक बहुतेक घरी एकाच पद्धतीने बनतं. महाराष्ट्र बोर्डाच्या फिजिक्सच्या पुस्तकात 16 धडे आहेत, हातात साधारण सोळा आठवडे आहेत, मग आठवड्याला एक धडा. पहिल्याच आठवड्यात रोटेशनल डायनॅमिक्स येतो आणि तो दहा-बारा दिवस पुरतो. पुढे मॅग्नेटिक मटेरियल्सला एक आठवडा ठेवलेला असतो, जो दोन-तीन दिवसांत संपला असता. वेळापत्रक पहिल्या महिन्यातच कोलमडतं, आणि मुलाला वाटतं आपणच मागे पडतोय. खरं म्हणजे धड्यांची वाटणी चुकलेली असते.

धडा किती तास खाणार हे दोन गोष्टींवर ठरतं: तो मुळात किती अवघड आहे, आणि तुमची त्याच्याशी आधीची ओळख किती आहे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या, मगच त्यातून तास काढायचे. एकाच आकड्यात दोन्ही कोंबलं, म्हणजे "हा धडा मला दहापैकी सात अवघड वाटतो" असं केलं, की धडा खरंच कठीण आहे की तुम्ही तो अजून उघडलाच नाही हे कळत नाही. उपाय मात्र दोन्हींचे वेगळे आहेत. म्हणून सगळी पद्धत इथे फिजिक्सवर करून दाखवतो. केमिस्ट्री आणि मॅथ्सला तीच चालते, फक्त आकडे बदलतात.

आधी ठरवा: धडा "झाला" म्हणजे काय

हे ठरवल्याशिवाय तासांना अर्थ नाही. एकासाठी धडा होणं म्हणजे एकदा वाचून अधोरेखित करणं, दुसऱ्यासाठी मागचे सगळे न्यूमेरिकल सोडवणं. मी धरतो ती व्याख्या अशी: पुस्तकातला मजकूर नीट वाचून झाला, प्रत्येक डेरिव्हेशन पुस्तक बंद करून एकदा तरी लिहून झालं, आणि धड्याच्या शेवटचा स्वाध्याय न्यूमेरिकलसह वहीत सोडवून झाला. उजळणी यात नाही, ती नंतर वेगळी धरायची.

तास म्हणजेही वहीपुढचा तास. कॉलेजचं किंवा क्लासचं लेक्चर यात मोजायचं नाही. लेक्चरने धड्याशी ओळख वाढते, आणि तो फायदा ओळखीच्या गुणात आपोआप येतो. इथेही धरलं तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाईल.

कठीणपणा: तीनच पायऱ्या पुरतात

एक ते दहाची पट्टी घेऊ नका. सहा आणि सात यांतला फरक कुणालाच सांगता येत नाही. सोपा, मध्यम, अवघड एवढंच ठेवा, आणि ते मनाला काय वाटतं यावर न देता धडा उघडून तीन प्रश्नांवर द्या. लांब डेरिव्हेशन किती आहेत? न्यूमेरिकल एका सूत्रात आकडे टाकून सुटतात, की आधी आकृती काढून दोन-तीन सूत्रं जोडावी लागतात? आणि धडा दुसऱ्या कशावर उभा आहे का, म्हणजे अकरावीचं काही, व्हेक्टर, इंटिग्रेशन?

तिन्हींचं उत्तर "फारसं नाही" असेल तर सोपा. एखादं जड असेल तर मध्यम. दोन किंवा तिन्ही जड असतील तर अवघड. मॅग्नेटिक फील्ड्सचा धडा घ्या. बायो-सॅव्हार्टच्या नियमात व्हेक्टर गुणाकार आणि इंटिग्रेशन एकत्र येतात, डेरिव्हेशन लांब आहेत, आणि दिशा ठरवताना गोंधळ होतो. तो अवघडच. याउलट सेमीकंडक्टर डिव्हाइसेसमध्ये रेक्टिफायर, झेनर, एलईडी, ट्रान्झिस्टर, लॉजिक गेट असं वाचून लक्षात ठेवायचं बरंच आहे, गणित कमी. तो सोपा. धडा पानांनी फार छोटा किंवा फार मोठा असेल तर याच पट्टीवर एक पायरी खाली-वर करा. त्यासाठी तिसरा आकडा आणू नका, हिशोब उगाच फुगतो.

इथे नेहमीची गडबड म्हणजे सगळेच धडे "अवघड" पडतात. परीक्षेची धास्ती असली की असं होतंच. सोळापैकी आठ-नऊ धड्यांना एकच शेरा मिळाला असेल तर त्या शेऱ्यातून काही कळत नाही. मग धडे जोडीने शेजारी ठेवा. वेव्ह ऑप्टिक्स आणि ऑसिलेशन्स, यांतल्या कुठल्या धड्याची पाच पानं तुम्ही लवकर संपवाल? असं दोन-चार जोड्यांत विचारलं की धडे वेगळे होतात. अवघड पाच-सहांच्या वर जाऊ देऊ नका.

ओळख: इथे अंदाज चालत नाही, चाचणी घ्या

कठीणपणा धड्याकडे पाहून सांगता येतो. ओळख तशी सांगता येत नाही, कारण पान उघडलं की सगळंच माहितीचं वाटतं. आकृती पाहिलेली असते, सूत्राखाली आपणच रेघ मारलेली असते. आठवणं आणि ओळखीचं वाटणं यांतला फरक पुस्तक बंद केल्यावरच कळतो. म्हणून प्रत्येक धड्याला वीस मिनिटं द्या: दहा मिनिटं कोऱ्या कागदावर त्या धड्यातलं जे आठवेल ते, सूत्रं आणि आकृत्यांसह. पुढची दहा मिनिटं स्वाध्यायातले मधले दोन न्यूमेरिकल, पुस्तक न उघडता. सोळा धड्यांना मिळून सव्वापाच तासांच्या आसपास लागतात. तीन-चार बैठकांत करा, एका दिवसात उरकू नका. शेवटच्या धड्यांपर्यंत डोकं थकतं आणि त्यांना हकनाक कमी गुण मिळतात.

गुण 0 ते 3. रोटेशनल डायनॅमिक्समधला मौत का कुआँ घेऊन सांगतो. विहिरीची त्रिज्या 5 मीटर, भिंत आणि टायर यांतला घर्षण गुणांक 0.5. मोटारसायकलवाला खाली घसरू नये म्हणून किमान वेग किती हवा?

कशाबद्दल बोलणं चाललंय हेच कळत नसेल तर 0. "हो, हे वर्गात झालं होतं" एवढंच आठवत असेल, सूत्र दाखवल्यावर पटत असेल पण स्वतःला लिहिता येत नसेल तर 1. सूत्र आठवलं, त्यात आकडे टाकून उत्तरही आलं, पण "इथे घर्षण वरच्या दिशेने का, आणि भिंतीची प्रतिक्रिया कुठल्या दिशेला?" असं विचारलं की अडलात, तर 2. आणि आकृती काढून, प्रतिक्रिया केंद्राकडे, घर्षण वर, वजन खाली असं दाखवून,

```
N = mv²/r
μN ≥ mg
v = √(rg/μ) = √(5 × 9.8 / 0.5) = √98 ≈ 9.9 m/s
```

इथपर्यंत पाचेक मिनिटांत पोचलात तर 3.

1 आणि 2 यांच्या मध्ये अडकलात तर 1 द्या. 2 आणि 3 च्या मध्ये अडकलात तर 2. ओळख जास्त धरली की तास कमी पडतात, आणि ते परीक्षेच्या तोंडावर लक्षात येतं. कमी धरली तर फार तर थोडा वेळ उरेल.

गुणांचे तास कसे करायचे

सुरुवातीला कुठलातरी पाया हवा. अजिबात न पाहिलेला धडा वर सांगितलेल्या व्याख्येप्रमाणे पूर्ण करायला मी असं धरतो: सोपा 6 तास, मध्यम 9, अवघड 13. ओळख 1 असेल तर याचा पाऊण भाग, 2 असेल तर निम्मा, 3 असेल तर पाव. म्हणजे:

| कठीणपणा | ओळख 0 | ओळख 1 | ओळख 2 | ओळख 3 |
|---|---|---|---|---|
| सोपा | 6 | 4.5 | 3 | 1.5 |
| मध्यम | 9 | 6.75 | 4.5 | 2.25 |
| अवघड | 13 | 9.75 | 6.5 | 3.25 |

ओळख 3 असली तरी तास शून्य होत नाहीत, हे मुद्दाम. येणाऱ्या धड्याचाही स्वाध्याय एकदा हाताखालून जावा लागतो, नाहीतर एककं आणि चिन्हं चुकतात.

हे आकडे म्हणजे सुरुवातीचा अंदाज आहे, तुमचा वेग नाही. तो पुढच्या पायरीत मोजायचा आहे.

एक पूर्ण उदाहरण

समजा एक मुलगी जुलैअखेर हा हिशोब करायला बसली आहे. क्लासमध्ये धडे सरळ क्रमाने झालेले नाहीत, मध्येमध्ये उड्या मारल्यात. कठीणपणाचे शेरे आणि चाचणीतले गुण असे आले:

अवघड धडे पाच. रोटेशनल डायनॅमिक्स, वेव्ह ऑप्टिक्स आणि इलेक्ट्रोस्टॅटिक्स यांची ओळख 1, म्हणून प्रत्येकी पावणेदहा तास. मॅग्नेटिक फील्ड्स आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन अजून झालेलेच नाहीत, ओळख 0, प्रत्येकी 13. बेरीज 55.25.

मध्यम धडे सात. फ्लुइड्स, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स आणि ॲटम्स अँड न्यूक्लिआय यांची ओळख 2, प्रत्येकी साडेचार. कायनेटिक थिअरी आणि सुपरपोझिशन ऑफ वेव्ह्ज यांची ओळख 1, प्रत्येकी पावणेसात. एसी सर्किट्स ओळख 0, म्हणून 9. बेरीज 40.5.

सोपे धडे चार. करंट इलेक्ट्रिसिटी ओळख 2, तीन तास. मॅग्नेटिक मटेरियल्स ओळख 0, सहा तास. ड्युअल नेचर आणि सेमीकंडक्टर दोन्ही 3, प्रत्येकी दीड तास. बेरीज 12.

एकूण 107.75, म्हणजे 108 तास. बहुतेकजण इथे थांबतात आणि 108 ला उरलेल्या दिवसांनी भागतात. हा आकडा जवळपास नेहमी कमी निघतो. किती कमी, हे पुढे कळतं.

घड्याळ लावून तीन धडे

आता प्रत्येक गटातला एक असे तीन धडे पूर्ण करायचे आणि वेळ मोजायची. वहीच्या समासात बसल्याची आणि उठल्याची वेळ लिहा. मधला फोन, जेवण, पाहुणे सगळं वजा करा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला तर वजाबाकीच करावी लागत नाही.

आपल्या मुलीने करंट इलेक्ट्रिसिटी, सुपरपोझिशन आणि इलेक्ट्रोस्टॅटिक्स घेतले. अंदाज होता 3, 6.75 आणि 9.75. प्रत्यक्षात लागले साडेतीन, साडेआठ आणि पंधरा. एकूण साडेएकोणीसच्या जागी 27 तास.

सरसकट चाळीस टक्के वाढवून टाकावेत असं वाटेल, पण आधी चूक कुठे आहे ते पाहा. सोपा धडा अंदाजाच्या 1.2 पटीच्या आत राहिला, मध्यम 1.25 पटीच्या आसपास गेला, अवघड मात्र दीडपट. असा नमुना वारंवार दिसतो, कारण अवघड धडा मागचं उकरून काढायला लावतो. इथे अकरावीचा इलेक्ट्रोस्टॅटिक्सचा धडा कच्चा होता. गॉसचा नियम आणि इलेक्ट्रिक फ्लक्स पुन्हा बघावे लागले, त्यात तीन-चार तास गेले. म्हणून दुरुस्ती गटवार करायची.

उरलेले अवघड धडे 45.5 तासांचे होते, दीडपट केल्यावर 68. उरलेले मध्यम 33.75, सव्वापट म्हणजे 42. उरलेले सोपे 9, त्यांचे 11. अजून लागणारे तास 121, आणि झालेले 27. म्हणजे पूर्ण पोर्शन 108 चा नसून 148 तासांचा आहे. जुलैत हे कळलं तर आखणी बदलता येते. जानेवारीत कळलं तर धडे सोडायची वेळ येते.

एका धड्यात ठरलेल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला तर तो आकडा लगेच पूर्ण गटाला लावू नका. कारण शोधा. बहुतेक वेळा एकतर ओळख चुकून जास्त दिलेली असते, नाहीतर आधीचा धडा कच्चा असतो. पहिल्या कारणात फक्त त्या धड्याचा गुण बदला. दुसऱ्यात त्या कच्च्या धड्यावर आणखी काय काय उभं आहे ते पाहून त्या सगळ्यांचे तास वाढवा. ऑसिलेशन्स कच्चा असेल तर सुपरपोझिशन अडतो. इंडक्शन कच्चा असेल तर एसी सर्किट्स जवळजवळ करताच येत नाही.

उजळणी, पेपर आणि कॅलेंडर

पहिल्या उजळणीला पूर्ण पोर्शनच्या पाव भाग धरा: 37 तास. दुसरीला त्याच्या निम्मे, साडेअठरा. बोर्डाचा थिअरीचा पेपर तीन तासांचा, 70 गुणांचा. असे पाच पेपर सोडवून प्रत्येकी दीड तास तपासायला दिला तर साडेबावीस तास. तपासायचा दीड तास वाचवू नका. तपासल्याशिवाय पेपरातून फक्त सवय होते, चूक कळत नाही. 121 मध्ये हे सगळं मिळवलं की साधारण 199 तास होतात.

ऑगस्टच्या सुरुवातीपासून जानेवारीअखेर 26 आठवडे मिळतात. त्यातून गणपती, दिवाळी, कॉलेजची सहामाही आणि प्रॅक्टिकलची तयारी यांचे मिळून चार आठवडे काढा. उरले 22. केमिस्ट्री, मॅथ्स, बायो आणि भाषा सांभाळून फिजिक्सला रोज दीड तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे आठवड्याला 9. बावीस गुणिले नऊ 198. काम 199 तासांचं. हिशोब बसला, पण एका तापाच्या आठवड्यालाही जागा नाही. अशी आखणी मी बसली असं मानत नाही. निदान दहा टक्के, म्हणजे वीसेक तास मोकळे हवेत.

तास कमी पडले तर कुठे कापायचं

धडा पूर्ण सोडणं हा सगळ्यात शेवटचा उपाय. इंडक्शन सोडला की एसीही हातचा जातो. आधी धडा "झाला" याची व्याख्या अवघड गटापुरती सैल करा. अवघड धड्यात निम्मा वेळ तरी न्यूमेरिकलला जातो. ते सगळे न सोडवता एकाआड एक सोडवले तर त्या 68 तासांतले सतरा सुटतात. चाचणीत 3 मिळालेल्या धड्यांची दुसरी उजळणी नुसत्या सूत्रांच्या पानावर आणली तर आणखी थोडा वेळ. वीसच्या जवळ आलो.

एकाआड एक कापणं चालतं, कारण बोर्डाच्या पेपरात पर्याय असतात. दोन गुणांचे बारांपैकी आठ, तीन गुणांचे बारांपैकी आठ, चार गुणांचे पाचांपैकी तीन सोडवायचे असतात. एखाद्या धड्यातलं एक लांब न्यूमेरिकल हुकलं तरी दुसरा प्रश्न हाताशी असतो. एमएचटी-सीईटीत मात्र असा पर्याय नाही. तिथे फिजिक्सचे 50 प्रश्न, केमिस्ट्रीसकट 90 मिनिटांत. सीईटीही द्यायची असेल तर कापताना लांब, तीन पायऱ्यांचे न्यूमेरिकल कापा आणि एका सूत्राचे छोटे ठेवा. सीईटीत सुमारे 20 टक्के भाग अकरावीचा असतो. त्या धड्यांची वेगळी यादी करून त्यांनाही हीच दोन मोजमापं लावा. ते या 199 मध्ये नाहीत.

कुठल्या धड्यात कापायचं हे ठरवताना अजून एक भागाकार करून पाहा: बोर्डाच्या गुणविभागणीत धड्याला असलेले गुण भागिले त्याचे उरलेले तास. ज्या धड्यात एका तासाला सगळ्यात कमी गुण पदरात पडतात, तिथे आधी कात्री लावा. पण तो धडा दुसऱ्या कशाचा पाया नाही ना, हे तपासूनच.

गुण पुन्हा कधी द्यायचे

महिन्यातून एकदा, मुख्यतः न झालेल्या धड्यांना. कठीणपणा बदलत नाही, ओळख बदलते. क्लासमध्ये मधल्या काळात मॅग्नेटिक फील्ड्स शिकवून झाला असेल तर त्याची वीस मिनिटांची चाचणी घ्या. 0 चा 1 झाला तर दुरुस्तीसह साडेएकोणीसचे साडेचौदा-पंधरा तास होतात. उलटही होतं. ऑगस्टमध्ये केलेल्या ऑसिलेशन्सला ऑक्टोबरात कोरा कागद घेऊन बसल्यावर 3 ऐवजी 1 मिळाला, तर उजळणीचा पाव भाग त्या धड्याला पुरणार नाही, तिथे निम्मा धरा आणि ते तास राखीव वीसमधून घ्या.

हे सगळं एका फुलस्केप पानावर मावतं: धडा, कठीणपणा, ओळख, अंदाज, लागलेले तास. शेवटचे दोन रकाने शेजारी ठेवा. तीन-चार धड्यांनंतर नवीन धडा उघडताच त्याला आपल्याला किती तास लागतील हे तासाभराच्या फरकाने सांगता यायला लागतं. केमिस्ट्रीचं पान करायला घ्याल तेव्हा सुरुवातीचे 6, 9, 13 हे आकडे माझे न घेता या पानावरून तुमचे स्वतःचे घ्या.